‘भिया राम’ला उत्तर कोण देणार?

गणपती जवळ आले की इंदुरातल्या मराठी वस्त्यांत, रामबागेपासून राजेंद्र नगरापर्यंत, एक विषय हमखास निघतो: पोरं का येत नाहीत? आरतीला पन्नाशीपुढची मंडळी, कार्यक्रमाला त्यांच्याच ओळखीतली मंडळी, आणि पंधरा ते वीस वयाची मुलं प्रसादापुरती डोकावून गायब. मग कार्यकारिणीच्या बैठकीत कोणीतरी उत्साही काका सुचवतात की आमंत्रण ‘त्यांच्या भाषेत’ द्या. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर साधारण असा मजकूर येतो: “भिया राम दोस्तलोग! काय मग भावांनो, यंदा फुल्ल कल्ला! येताय ना बे?” ‘भिया राम’ म्हणजे इंदुरी हिंदीतलं ‘भाऊ, राम राम’. हा नमुना मी त्या जातीचे मजकूर डोळ्यांपुढे ठेवून रचलेला आहे, पण ज्याने असे ग्रुप पाहिलेत त्याला तो ओळखीचा वाटेल. मजकुराखाली चार काका अंगठे दाखवतात, एक मावशी हात जोडते. मुलांकडून काहीच नाही.

हा प्रश्न मंडळांपुरता नाही. शाळेच्या संमेलनातलं प्राचार्यांचं भाषण, दुकानांच्या जाहिराती, पालिकेच्या मोहिमांच्या घोषणा, सगळीकडे तोच मोह दिसतो. तरुणांशी बोलायचं तर त्यांचीच हाक उचलावी का? माझं उत्तर नाही असं आहे. पण त्याचं कारण नेहमीचं नाही. भाषा बिघडते, संस्कार जातात, ही तक्रार मला पटत नाही. मोठ्यांच्या तोंडची ही हाक फसते ती उत्तराच्या बाजूने. हाक मारणं सोपं आहे. ज्याला हाक मारली त्याने परत काय म्हणायचं, याचा विचार कोणीच केलेला नसतो.

आधी ही हाक नीट बघू. इंदुरात ‘भिया राम’ हे दोन शब्द आहेत असं फक्त बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात ती एक छोटी कृती आहे आणि शब्द तिच्या मधे कुठेतरी येतात. ॲडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर या संशोधकांनी 1973 साली एका वाढदिवसाच्या मेजवानीचं चित्रीकरण तपासून माणसं एकमेकांना भेटतात तेव्हा काय काय घडतं याचे टप्पे मांडले होते. आधी नजर पडते, मग लांबूनच एक खूण होते, मग जवळ येताना नजर थोडी बाजूला जाते, आणि अगदी समोर आल्यावर दुसरं, जवळचं अभिवादन होतं. राजवाड्यापाशी किंवा कोचिंगच्या दारात दोन पोरं भेटताना पाहिली तर हे टप्पे जसेच्या तसे सापडतात. लांबून हनुवटी वर जाते. खाली नाही, वर. मान खाली झुकवणं हे मोठ्यांसाठी, हनुवटी वर उडवणं हे बरोबरीच्यासाठी. या एका इंचाच्या फरकात सगळी उतरंड बसलेली आहे. मग ‘भिया’मधला शेवटचा आ थोडा ओढला जातो आणि ‘राम’ तिथेच पटकन टाकून दिल्यासारखा येतो. जवळ आल्यावर हात हातावर आपटतो किंवा खांद्याला खांदा लागतो, आणि तोवर पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं: “और, क्या चल रिया?”

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा तुकडा उत्तराचा. उत्तर हाकेपेक्षा लहान असतं. ‘भिया राम’ला ‘राम भिया’ असं नीट परतवलं तर तो किंचित औपचारिक मामला झाला. रोजच्या दोस्तीत नुसतं ‘हाँ भिया’, ‘और’, कधी फक्त परत उडवलेली हनुवटी. उत्तर जितकं तोकडं तितकी जवळीक जास्त. जो पूर्ण उत्तर देतो तो गटात नवा आहे, हे शेजारून जाणाऱ्यालाही कळतं.

स्कॉट कीसलिंग या भाषाशास्त्रज्ञाने 2004 साली अमेरिकन मुलांच्या ‘ड्यूड’ या संबोधनावर लिहिताना एक नेमकी गोष्ट टिपली. हा शब्द आपलेपणा दाखवतो, पण फार आपलेपणा दाखवत नाही. मी तुझा आहे, पण त्यात विशेष काही नाही, असा सूर. ‘भिया’चं काम अगदी हेच. सोळा वर्षांच्या मुलाला मित्राबद्दल माया असते आणि ती दिसू नये अशी तितकीच इच्छा असते. ‘भिया’ त्या दोन्हींची सोय करतो. मुलींच्या घोळक्यात हे काम ‘यार’ करतं, हल्ली ‘ब्रो’ आणि ‘भाई’सुद्धा, आणि मुलीने मुलीला ‘भाई’ म्हणण्यात त्यांना काहीही गमतीचं वाटत नाही. गंमत वाटते ती मोठ्यांना, आणि मोठ्यांना ती वाटते हे मुलींना माहीत असतं.

आता इंदूरच्या मराठी घरातला मुलगा घ्या. त्याच्याकडे अभिवादनाचे तीन वेगळे संच असतात आणि ते तो चुकूनही एकमेकांत मिसळत नाही. घरी आणि मंडळात मराठी: आजीच्या पाया पडणं, काकांना नमस्कार, चुलतभावाला “काय रे”. शाळेत शिक्षकांसमोर इंग्रजी ‘गुड मॉर्निंग, सर’. आणि मित्रांत इंदुरी हिंदी. त्याची सलगीची भाषा ही तिसरी आहे. म्हणजे घरात ज्या भाषेत तो पाया पडतो त्या भाषेत त्याने बरोबरीच्या मित्राला हाक मारण्याचे प्रसंग मुळातच थोडे येतात. पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या मुलाचं असं नाही. त्याची आदराची आणि टवाळीची, दोन्ही भाषा मराठीच असतात, त्यामुळे ‘काय भावा’ तिथे आपोआप उगवतं. इंदूरच्या मुलाला ‘भावा’ कळतं, रील्समध्ये तो ते ऐकतो, पण त्याच्या तोंडी ते नक्कल म्हणूनच येतं. म्हणून मंडळाच्या मजकुरातलं “काय मग भावांनो” हे दुहेरी फसतं. ते मोठ्यांच्या तोंडी आहे हे एक, आणि ते इथल्या मुलांचंच नाही हे दुसरं. काकांनी तरुणांची बोली म्हणून जी उचलली ती तीनशे-चारशे मैलांवरच्या दुसऱ्याच तरुणांची निघाली.

या हाका पसरतात कशा, हे नीट समजून घेतलं तर मोठ्यांच्या नकलेची वेळ नेहमी का चुकते तेही कळतं.

भंवरकुआँच्या कोचिंगचा परिसर हा त्यासाठी उत्तम नकाशा आहे. तिथे इंदूरच्या वसाहतींतली मुलं असतात, तशीच धार, देवास, खरगोन, खंडव्याहून येऊन खोली घेऊन राहणारीही असतात. एका बॅचमध्ये पाच-सहा जणांची टोळकी तयार होतात. टोळक्याच्या आत सगळे सगळ्यांना ओळखतात, रोज भेटतात, एकत्र पोहे खातात. अशा घट्ट टोळक्यात नवा शब्द सहजी शिरत नाही. भाषाशास्त्रज्ञ लेस्ली मिलरॉय यांनी 1970च्या दशकात बेलफास्टमधल्या कामगार वस्त्यांत हेच पाहिलं: जिथे नाती दाट तिथे जुनी बोली टिकून राहते, कारण वेगळं बोललं तर सगळ्यांना लगेच दिसतं. नवं येतं ते सैल धाग्यांवरून. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी 1973 साली नोकऱ्यांच्या बातम्यांबाबत दाखवलं होतं की उपयोगी माहिती जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते; जिवलगांना जे माहीत ते आपल्याला आधीच माहीत असतं. शब्दांचंही तसंच आहे. सकाळी एका कोचिंगला, संध्याकाळी क्रिकेटच्या नेट्सला आणि रविवारी मामाकडे उज्जैनला जाणारा मुलगा तीन टोळक्यांच्या कडेवर उभा असतो. तो हाक एकीकडून दुसरीकडे नेतो.

पण नेणारा आणि रुजवणारा एकच नसतो. कडेवरच्या मुलाने नवी हाक आणली की पहिल्यांदा तो ती अवतरणचिन्हात म्हणतो, म्हणजे कोणाची तरी नक्कल करण्याच्या आवाजात. हसू आलं नाही तर ‘मी तर गंमत करत होतो’ म्हणून माघार घेता येते. मग टोळक्यातला दुसरा कोणी त्याला त्याच आवाजात उत्तर देतो. निर्णायक क्षण त्यानंतरचा आहे: ज्याच्याकडे बाकीचे बघतात तो मुलगा ती हाक साध्या आवाजात, नकलेशिवाय, उत्तर म्हणून वापरतो. तिथून पुढे ती टोळक्याची झाली. काही दिवसांत तिचे कोपरे झिजतात, दोन शब्दांचा एक होतो, आणि एखादं अक्षर गिळलं जातं. मग ती बाहेरच्यांवर वापरली जाते, आपण कोण आहोत हे दाखवायला. आणि शेवटी घरातला दहा वर्षांचा धाकटा भाऊ ती म्हणायला लागतो. त्या दिवशी थोरल्याच्या लेखी तिची किंमत अर्धी होते.

रील्समुळे हे सगळं बदललं असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. रील शब्द ओळखीचा करते, एका रात्रीत हजारो कानांवर घालते, यात शंका नाही. पण हाक म्हणजे देवाणघेवाण आहे आणि फोनला उत्तर देता येत नाही. ऐकलेल्या शंभर वाक्प्रचारांपैकी जे थोडे कोचिंगच्या दारात टिकतात ते तेच, ज्यांना समोरच्या कोणीतरी सरळ तोंडाने उत्तर दिलेलं असतं. बाकीचे दोन दिवस नकलेत जगून जातात.

याच वयात हे इतकं का घडतं, याचं उत्तर भाषाशास्त्रज्ञ पेनेलोपी एकर्ट यांनी डेट्रॉइटच्या उपनगरांतल्या शाळांत काम करून दिलं. 1980च्या दशकात त्यांनी पाहिलं की मुलं दोन गटांत स्वतःला वाटून घेतात: शाळेचे उपक्रम आपले मानणारी, आणि शाळेबाहेरच्या शहराकडे तोंड करून बसलेली. उच्चारांतला फरक आईबापांच्या वर्गापेक्षा मुलाने स्वतः निवडलेल्या गटाशी अधिक जुळत होता. आपल्याकडे गट वेगळे, नावं वेगळी, पण गोष्ट तीच. डॉक्टरचा मुलगा आणि पोह्यांच्या ठेल्यावर बसणाऱ्याचा मुलगा एकाच टोळक्यात असले तर त्यांची हाक एक असते आणि वडिलांच्या हाका दोन असतात. पौगंडावस्थेत घरून मिळालेली ओळख बाजूला ठेवून स्वतःची घडवायची असते, आणि हाक ही त्या ओळखीची सर्वांत स्वस्त, दिवसातून वीस वेळा दाखवता येणारी खूण आहे. तिचं मोल ती कोणाकडे नाही यावर ठरतं.

म्हणूनच मोठ्यांची नक्कल उशिराची असते. मोठ्यांच्या कानावर हाक पोचते ती धाकट्या भावाकडून, टीशर्टवरून किंवा जाहिरातीतून, म्हणजे थोरल्यांनी सोडल्यावर. याचं जगभर गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. चार्ल्स स्टोन या दिग्दर्शकाने आपल्या मित्रांमधली फोनवरची हाक एका लघुपटात घेतली. एका बिअर कंपनीने तीच कल्पना, तोच दिग्दर्शक आणि त्याचेच मित्र घेऊन डिसेंबर 1999मध्ये जाहिरात केली. ‘व्हॉट्स अप’चं ते लांबलचक, जीभ बाहेर काढून ओरडलेलं रूप जगभर गेलं. जाहिरात म्हणून ती कमालीची यशस्वी ठरली. पण मित्रांमधली खासगी हाक म्हणून तिचं काय उरलं? ऑफिसातले साहेब ती म्हणायला लागले, आणि साहेबांच्या तोंडून आलेली हाक कोणता किशोरवयीन मुलगा सांभाळून ठेवेल?

‘भिया राम’ही आज त्या वाटेवर बराच पुढे गेलेला आहे. तो दुकानांच्या पाट्यांवर आहे, कपांवर आहे, इंदूर म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगणाऱ्या प्रत्येक व्हिडिओत आहे. पोहे-जिलबी आणि सराफ्यासारखा तो शहराचा शिक्का झालाय. त्यामुळे तो मेला असं नाही. तो वयाचा राहिला नाही, शहराचा झाला. पन्नाशीचा रिक्षावाला तो अगदी सहज म्हणतो आणि शोभतोही. पण जो काका त्याला ‘तरुणांची भाषा’ समजून वापरतो त्याचा अंदाज चुकतो. मुलं तो एकमेकांत वापरतात तेव्हा पुष्कळदा आवाजात थोडा नाटकीपणा असतो, इंदुरी असण्याचा अभिनय. ही खूण ओळखता येते. हाक जिवंत असेल तर ती चेहरा न बदलता, चालता चालता येते. तिच्याआधी भुवया उडाल्या किंवा ती नेहमीपेक्षा मोठ्याने आली, तर ती आता उद्धृत केली जात आहे असं समजावं.

आता मूळ मुद्द्याकडे, उत्तराकडे.

समजा, प्राचार्य संमेलनात माईकवर म्हणाले, “और भिया लोग, क्या चल रिया?” सभागृहात हशा होतो आणि प्राचार्यांना वाटतं जमलं. पण पहिल्या रांगेतल्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. या हाकेचं खरं उत्तर आहे “हाँ भिया, मस्त, तू बता.” ते तो देऊ शकतो का? दिलं तर उद्या ऑफिसात बोलावणं. “नमस्ते सर” म्हटलं तर सरांनी पुढे केलेला हात झिडकारल्यासारखं. गप्प बसलं तर उर्मट. म्हणून तो हसतो. ते हसू अडचणीतून सुटण्याचा एकमेव सभ्य मार्ग आहे, त्याला दाद समजू नये.

ब्राउन आणि गिलमन या अभ्यासकांनी 1960 साली युरोपीय भाषांतल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ या सर्वनामांबद्दल जे मांडलं ते इथे चपखल बसतं. सलगीचं संबोधन दोन्ही बाजूंनी सारखं वापरलं गेलं तर ती बरोबरी. एकाच बाजूने वापरलं गेलं तर ती सत्ता. आपल्याला हे मराठीत वेगळं शिकवावं लागत नाही. काका मुलाला ‘तू’ म्हणतात, मुलगा काकांना ‘तुम्ही’, आणि यात कोणाला खटकत नाही कारण दोघांनाही ही व्यवस्था मान्य आहे. ‘भिया’ मात्र बरोबरीचाच शब्द आहे, तो एकतर्फी चालत नाही. मोठ्याने तो एकतर्फी वापरला की बाहेरून बरोबरी आणि आतून जुनीच उतरंड असं काहीतरी तयार होतं. मुलांना उतरंडीचा राग नसतो. तिच्यावर घातलेल्या टोपीचा येतो.

आमंत्रणाचा तो मजकूर या नजरेने परत वाचू. “भिया राम” ही हाक पाठवणाऱ्या काकांना मुलं समोर भेटल्यावर कधीच मारत नाहीत. जी हाक परत येणार नाही ती लिहिलीच का? “दोस्तलोग” हे वयाच्या अंतराला खोटं ठरवतं. “भावांनो” परगावचं. शिवाय मुली त्यात नाहीतच, हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलेलं नसतं. “फुल्ल कल्ला” हे आश्वासन आहे, पण कशाचं ते सांगितलेलं नाही. आणि “येताय ना बे” सर्वांत वाईट, कारण ‘येताय’ सगळ्या ग्रुपला उद्देशून आणि ‘बे’ एकट्या दोस्ताला मारलेली टपली. मित्र ‘येतोयस ना बे’ म्हणेल, काका ‘येताय ना’ म्हणतील. काकांच्या तोंडी दोन्ही एकत्र जुळत नाहीत. अशी एक जोडणी चुकली की वाचणाऱ्याला कळतं, हा माणूस या भाषेत राहत नाही.

लेखी हाकेचे तर आणखी बारकावे आहेत. मुलांच्या चॅटमध्ये `hi`, `hii` आणि `hiii` या तीन वेगळ्या गोष्टी आहेत: पहिली कोरडी, दुसरी नेहमीची, तिसरीत काहीतरी काम किंवा लाडीगोडी. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिला तर तो राग किंवा तुटकपणा वाटतो. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या एका अभ्यासातही पूर्णविरामाने संपणारे संदेश विद्यार्थ्यांना कमी मनापासूनचे वाटले होते. मोठी माणसं ‘भिया राम’ लिहून पुढे पूर्णविराम देतात, खाली नाव लिहितात, पद लिहितात. हाक सलगीची आणि खाली ‘सहसचिव’. हे सगळं शिकून नीट लिहिता येईल का? येईल, पण तोवर `hii`मधल्या आयची संख्या बदललेली असेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मोठ्यांनी आपल्या चौथऱ्यावरून खाली उतरावं, ताठर ‘सस्नेह निमंत्रण’ सोडावं, यात चूक काय? काहीच नाही. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड जाइल्स यांनी 1970च्या दशकापासून मांडलेला विचार हाच आहे की माणसं एकमेकांशी बोलताना बोली जुळवून घेतात आणि त्याने जवळीक वाढते. पण त्याच विचारात अति जुळवून घेण्याचा धोकाही सांगितलेला आहे: म्हाताऱ्यांशी लहान मुलासारखं बोललं की त्यांना अपमान वाटतो, तसं. वेग, वाक्यांची लांबी, थेटपणा, यांत जुळवून घेतलेलं समोरच्याला सुखाचं वाटतं आणि बहुधा जाणवतही नाही. गटाची खूण उचलली की मात्र ते लगेच दिसतं. म्हणजे काकांनी तीन ओळींत बोलावं, ‘उपस्थिती प्रार्थनीय’ काढून टाकावं. ‘बे’ घालू नये.

आणि वयाचा अडसर तसा पक्का नाहीच. नेट्सवरचा चाळिशीचा प्रशिक्षक मुलांना ‘और भिया’ म्हणतो आणि मुलं त्याला तोंडावर ‘हाँ भिया’ म्हणतात. रोजचा पोहेवाला तर दोन पिढ्यांना तेच म्हणत आलाय. यांचं जमतं कारण ते हाक परत घेतात. शिवाय ती त्यांनी मुलांकडून उचललेली नाही. ती त्यांच्याच तोंडची आहे. कोणालाही वापरता येईल अशी कसोटी यातून निघते. मुलाने हीच हाक तितक्याच मोठ्याने, तुमच्या व्याह्यांसमोर तुम्हाला मारली तर चालेल का? चालणार असेल तर खुशाल मारा. नसेल तर नमस्कार हा शब्द अजून चांगला चालू आहे.

मग मंडळाने करावं काय? आमंत्रण असं लिहिता येईल: “नमस्कार. शनिवारी संध्याकाळी 5 वाजता मांडवात लाइट आणि स्पीकर लावायचे आहेत, सहा जण लागतील. रात्री 9 नंतर स्टेज तुमच्याकडे, गाणी तुम्ही ठरवा. जेवण आहे. येणार असाल तर नाव लिहा.” यात तरुणांचा एकही शब्द नाही, पण उत्तर देण्याची जागा आहे आणि ते उत्तर द्यायला कोणालाही संकोच वाटणार नाही. वेळ आहे, काम आहे, अधिकार आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला ‘स्टेज तुमच्याकडे’ या दोन शब्दांत जो मान मिळतो तो ‘भिया’त मिळत नाही. मात्र दिलेला शब्द पाळावा लागतो. 9 वाजता अध्यक्षांचं भाषण लांबलं तर पुढच्या वर्षी हा मजकूरही वाया जाणार.

मजकूर पाठवायचा कसा, हेही पसरण्याच्या रीतीतूनच ठरतं. दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकलेलं आमंत्रण कोणाचंच नसतं. त्यापेक्षा दोन मुलांशी समोर बोलावं: एक तो, जो तीन टोळक्यांच्या कडेवर फिरतो, आणि दुसरी व्यक्ती ती, जिच्याकडे बाकीचे बघतात; ती मुलगी असण्याची शक्यता मंडळं नेहमी विसरतात. त्यांनी आपल्या मित्रमैत्रिणींना काय म्हणून बोलवायचं ते त्यांच्यावर सोडावं. ते ‘चल बे, फोकट का खाना है’ म्हणाले तरी मंडळाच्या प्रतिष्ठेला धक्का लागत नाही. ते वाक्य काकांनी ऐकलंच नाही असं समजायचं.

उलट टोकाची चूक शाळा करतात. ‘बे’ आणि ‘भिया’ म्हटलं की दंड, हिंदी बोललं की फलक गळ्यात, असले नियम कुठे ना कुठे निघत असतात. शिक्षकाला ‘अबे’ म्हणणाऱ्याला टोकणं रास्तच आहे. पण मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांना काय हाक मारतात यावर बंदी घातली की त्या हाकेला जे दुर्मीळपण बाजारात विकत मिळालं नसतं ते फुकटात मिळतं.

एक प्रसंग मात्र खरोखर अवघड आहे. कधी एखादा मुलगा स्वतःहूनच मोठ्या माणसाला ‘भिया राम, काका’ म्हणतो, डोळ्यांत थोडी मस्करी घेऊन. ‘भिया’ आणि ‘काका’ एकाच दमात, हे मुद्दाम केलेलं असतं. दार किलकिलं करून आत कोण आहे ते पाहणं चाललेलं असतं. इथे ‘ही काय भाषा’ म्हणून झापलं तर दार बंद. आणि उत्साहाने ‘अरे भिया राम, भिया राम! क्या बे!’ म्हणून गळ्यात पडलं तरी बंदच. हसून ‘राम’ म्हणावं, आणि लगेच पुढचं विचारावं, क्लास सुटला का, आई कशी आहे. दुसऱ्या दिवशी तो भेटला तर आपण पहिली हाक नेहमीचीच मारावी, “काय रे, कसा आहेस?” ती परत घ्यायला त्याला काहीच अडचण नसते.